परतीचं भाडं: कधी घ्यायचं, कधी सोडायचं आणि कुठे शोधायचं

प्रश्न: "माझ्या तीन गाड्या आहेत. एका कारखान्याचा माल साधारण ४०० किलोमीटरवर पोचवतो. जाताना भाडं ठरलेलं आहे, पण येताना बऱ्याचदा गाडी खाली येते. दलालाकडून माल मिळाला तर तो अर्ध्या भाड्यात मिळतो आणि त्यासाठी गाडी एक-दोन दिवस तिकडेच उभी राहते. रिटर्न भाडं नियमित कसं मिळवायचं, आणि किती कमी भाड्यापर्यंत घेणं परवडतं?"

उत्तर: तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ते गणित हातात नसेल तर माल शोधून उपयोग नाही. मी बरीच वर्षं लहान मालकांच्या गाड्यांचं नियोजन करतो आहे. रिटर्न भाडं मिळत नाही म्हणून होणारं नुकसान सगळ्यांना दिसतं. चुकीचं रिटर्न भाडं घेतल्याने होणारं नुकसान मात्र हिशोबात उमटत नाही, कारण त्या फेऱ्यात पैसे तर आलेले असतात.

आधी भाडं अर्धं का, ते पाहू. माल तयार होतो एकीकडे आणि खपतो दुसरीकडे. खपणाऱ्या ठिकाणी भरून येणाऱ्या गाड्या जास्त असतात आणि तिथून बाहेर जाणारा माल कमी. त्या सगळ्या गाड्यांना परत जायचंच असतं. त्यामुळे रिकामं जाण्यापेक्षा थोडं जास्त सुटलं तरी कोणीतरी तो माल उचलतो, आणि तोच बाजारभाव होतो. दलालाने मध्ये जास्त कापलं असेल किंवा नसेल, पण भाडं कमी असण्याचं मूळ कारण हे आहे. म्हणून परतीच्या भाड्याची तुलना जातानाच्या भाड्याशी करू नका. तुलना करायची ती रिकाम्या परतीशी, आणि त्या हिशोबात दिवस धरायचे.

तुमच्याच फेऱ्याचं उदाहरण घेऊ. जातानाचं भाडं १०० धरा, बाकी सगळे आकडे त्याच मापात. भरलेली गाडी ४०० किलोमीटर न्यायला इंधन, टायर, टोल, झीज मिळून ४० खर्च येतो असं समजू. रिकामी गाडी काही फुकट धावत नाही. मोठा ट्रक रिकामा असतानाही भरलेल्या गाडीच्या ढोबळमानाने दोन तृतीयांश इंधन खातो, आणि टोल तर अनेकदा तेवढाच लागतो. म्हणून रिकाम्या परतीचे २७ धरू. तुमचे खरे आकडे वेगळे असतील. गाडीचा आकार, रस्त्याचा चढ-उतार, मालाचं वजन यांवर ते बदलतात, त्यामुळे स्वतःच्या डिझेलच्या पावत्यांवरून काढा. पद्धत मात्र हीच राहते.

रिकामं परत आल्यावर काय होतं? गाडी पहिल्या दिवशी दुपारी भरून निघते, रात्री पोचते, दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत खाली होते, संध्याकाळी घरी येते आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा भरायला उभी राहते. म्हणजे दोन दिवसांचं चक्र. १०० मधून ४० आणि २७ गेले, उरले ३३. दिवसाला साडेसोळा. चालकाचा पगार, हप्ता, विमा आणि तुमचा नफा यातूनच निघतो. हा "दिवसाला साडेसोळा" आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याशी ताडायचं आहे.

आता दलालाने ५० मध्ये माल दिला. भरायची जागा तुमच्या उतरवण्याच्या जागेपासून ४० किलोमीटर आत आहे आणि पोचवायची जागा तुमच्या गावापासून ३० किलोमीटर बाजूला. दलाली ४ गेली. परतीचा खर्च आता २७ नाही. भरलेल्या गाडीचे ४०, आणि पुढेमागे रिकामं फिरण्याचे आणखी ५, म्हणजे ४५. एकूण हाती आले १४६, खर्च झाला ८५, उरले ६१. तेहेतीसच्या जागी एकसष्ट दिसायला छान आहेत. पण हा माल तिसऱ्या दिवशी रांगेत थांबून उतरतो, कारखान्यात तुमची भरायची वेळ हुकते आणि गाडी चौथ्या दिवशी भरते. तीन दिवसांत ६१ म्हणजे दिवसाला जेमतेम वीस. रिकाम्या परतीपेक्षा बरं, पण दुप्पट नाही. आणि हाच माल तुम्हाला त्या दिवशी न मिळता दुसऱ्या दिवशी भरायला मिळाला, तर चक्र चार दिवसांचं होतं आणि दिवसाला पंधराच उरतात. पैसे घेऊनही तुम्ही रिकाम्या परतीपेक्षा खाली गेलात.

या चार दिवसांच्या फेऱ्यात गाडी एकूण ८७० किलोमीटर धावली आणि त्यातले ८०० भरलेले होते. रिकाम्या धावेचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत, आणि तरीही कमाई घटली. म्हणून नुसती रिकामी धाव मोजून निर्णय घेऊ नका. रिकामी धाव शून्यावर कोणाचीच येत नाही. युरोपीय संघाच्या आकडेवारीतही मालवाहू ट्रकांच्या दर पाच किलोमीटरमागे साधारण एक किलोमीटर रिकामा असतो, आणि त्यात मोठमोठ्या कंपन्या धरलेल्या आहेत.

आता किती खाली जायचं ते काढता येतं. परतीचा माल घेतल्यामुळे वाढणारा खर्च १८ (४५ वजा २७), दलाली ४, म्हणजे २२. त्यात वाया जाणाऱ्या प्रत्येक दिवसाचे साडेसोळा मिळवा. एक दिवस जास्त लागणार असेल तर साधारण ३९ च्या खाली घेऊ नका. दोन दिवस लागणार असतील तर ५५ च्या खाली नको. म्हणून तेच ५० चं भाडं एका परिस्थितीत घेण्यासारखं आहे आणि दुसऱ्या परिस्थितीत सोडण्यासारखं.

यात एक मोठी अट आहे: वाया गेलेल्या दिवसाची किंमत साडेसोळा तेव्हाच, जेव्हा घरी तुमच्या गाडीसाठी माल तयार आहे. कारखाना बंद आहे, हंगाम मंद आहे, गाडी परत येऊन नुसती उभीच राहणार आहे, तेव्हा त्या दिवसाची किंमत जवळपास शून्य असते आणि २२ च्या वर मिळेल ते घेणं बरोबर ठरतं. म्हणून परतीच्या मालाचा निर्णय तिकडच्या बाजारावर जेवढा अवलंबून असतो, तेवढाच घरच्या वेळापत्रकावर. गाडी निघण्यापूर्वीच कारखान्याच्या माल पाठवणाऱ्या विभागाला पुढच्या तीन-चार दिवसांत किती माल आहे ते विचारून घ्या, आणि त्यानुसार त्या फेऱ्याचा किमान दर कागदावर लिहून ठेवा. सकाळी अकरा वाजता दलाल फोनवर घाई करत असताना हे गणित होत नाही.

त्याच कागदावर निघायची वेळही लिहा. उदाहरणार्थ, दहाला गाडी खाली होईल, एकपर्यंत दुसरा माल भरायला लागला नाही तर गाडी रिकामी निघेल. ही वेळ चालकालाही माहीत हवी. "अर्ध्या तासात सांगतो" असं ऐकत संध्याकाळ झाली की दिवसही गेला आणि भाडं मागायची ताकदही गेली, कारण समोरच्याला कळतं की आता तुम्हाला पर्याय उरलेला नाही.

आता पहिला प्रश्न, नियमित माल कुठून आणायचा. बहुतेक जण दलाल आणि मोबाइलवरचे लोड-अ‍ॅप यांच्यापासून सुरू करतात. मी ते शेवटी ठेवतो. माझ्या अनुभवात लहान मालकासाठी सगळ्यात चांगला परतीचा माल त्याच्या जुन्याच गिऱ्हाइकाकडे असतो, फक्त वेगळ्या विभागात.

तुमचा कारखाना माल पाठवतो, तसा कच्चा माल आणि पॅकिंगचं सामान मागवतोही. त्यातलं काही तुमच्या उतरवण्याच्या बाजूनेच येत असण्याची चांगली शक्यता आहे. पण तुमची ओळख माल पाठवणाऱ्या विभागाशी असते, आणि येणारा माल खरेदी विभाग पाहतो. हे दोन विभाग गाड्यांबद्दल एकमेकांशी क्वचितच बोलतात. शिवाय येणाऱ्या मालाचं भाडं अनेकदा पुरवठादाराच्या पोचवून दिलेल्या भावातच मिसळलेलं असतं, त्यामुळे वाहतुकीवर वेगळा खर्च होतो आहे हे खरेदीवाल्याच्या नजरेतच येत नाही. पुरवठादार ती गाडी पूर्ण भाड्याने लावत असेल, आणि त्याच दिवशी तुमची गाडी त्याच रस्त्याने रिकामी येत असेल.

खरेदी विभागाकडे जाऊन चारच गोष्टी विचारा: त्या बाजूने काय येतं, कोणाकडून येतं, एका वेळी किती आणि किती दिवसांनी, आणि गाडी कोण लावतं. जुळणारा माल दिसला तर त्यांना सुचवा की पुरवठादाराकडून दोन भाव मागून घ्या, एक पोचवून देण्याचा आणि एक त्याच्या दारातून उचलण्याचा. दोन्हींमधला फरक तुमच्या भाड्यापेक्षा जास्त निघाला तर कारखान्याची बचत होते आणि तुम्हाला परतीचा माल मिळतो.

याचं गणित का चांगलं लागतं ते बघा. समजा पुरवठादार तुमच्या उतरवण्याच्या जागेपासून २० किलोमीटरवर आहे आणि तुम्ही ४५ भाडं घेतलं, म्हणजे दलालाच्या मालापेक्षा कमीच. दलाली नाही. माल उतरायचा तो तुमच्याच कारखान्यात, म्हणून शेवटी बाजूला जाणं नाही. खर्च ४०, १ आणि ४० मिळून ८१. हाती १४५, उरले ६४. आणि चक्र दोनच दिवसांचं राहतं, कारण तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी ज्या आवारात खाली होते तिथेच दुपारी पुन्हा भरते. दिवसाला ३२. भाडं कमी घेऊनही दिवसाची कमाई रिकाम्या परतीच्या जवळजवळ दुप्पट. दलालाच्या मालात खाल्ला गेलेला एक दिवस इथे वाचतो, सगळा फरक तिथे आहे.

अडचणी येतातच. काही पुरवठादार भाडं वेगळं काढून दाखवायला तयार नसतात, किंवा दारातल्या भावात नावापुरतीच सूट देतात. माल गाडीभर नसेल तर कारखान्याला एका वेळी जास्त मागवावा लागतो आणि त्याच्या साठवणुकीची जागा अडते. दारातून उचललेल्या मालाची वाटेतली जोखीम बहुधा खरेदीदाराकडे येते, म्हणून मालाचा विमा कोण उतरवणार हे पहिल्याच फेऱ्याआधी लेखी ठरलं पाहिजे. आणि उचलण्याची वेळ पक्की हवी. तुमची गाडी दहाला खाली होणार असेल तर पुरवठादाराने बारापर्यंत माल बांधून तयार ठेवला पाहिजे. पहिले काही फेरे हे नीट बसत नाही, आदल्या दिवशी फोन करून खात्री करत राहावं लागतं. आठवड्याला एकच फेरा असा जुळला तरी सोडू नका.

त्यानंतरची जागा म्हणजे जिथे तुम्ही माल उतरवता ती. तिथेही माल बाहेर जातच असतो, निदान रिकामे पॅलेट, क्रेट, ड्रम तरी मूळ जागी परत जायचे असतात. असलं सामान वजनाने हलकं असतं, भाडंही थोडंच मिळतं, पण लांब वळसा पडत नाही आणि वेळही जात नाही, त्यामुळे वरच्या गणितात ते पुष्कळदा बसतं. तिथल्या शेजारच्या कारखान्यांचीही चौकशी करा. या कामात चालकाची मोठी मदत होते. कोणत्या फाटकातून तुमच्या दिशेच्या गाड्या भरून निघतात हे त्याला रोज दिसतं. मात्र चालकाला फेऱ्यावर पैसे मिळत असतील आणि परतीच्या मालामुळे त्याची घरची रात्र हुकत असेल, तर त्या मालात त्याचा वाटा ठरवून द्या. नाहीतर तो माल त्याला कधी दिसणारच नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

तिसरी वाट म्हणजे समोरच्या टोकाचा तुमच्याएवढाच मालक. त्याच्या जाण्याची दिशा ही तुमच्या परतीची दिशा. तुमच्या भागात माल उतरवून रिकाम्या उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये तो सापडतो, फक्त विचारावं लागतं. तुमच्याकडे तीन गाड्यांपेक्षा जास्त माल आला की वरचा माल त्याला द्यायचा, त्याच्याकडे जास्त झाला की तो तुम्हाला देणार. हे टिकायचं असेल तर तीन गोष्टी आधी बोलून घ्या: प्रत्येक जण आपल्या गिऱ्हाइकाला आपणच बिल करणार, एकमेकांचं गिऱ्हाईक थेट धरणार नाही, आणि मालाचं नुकसान झालं तर कोण किती भरणार. मर्यादा अशी की हंगामात दोघांनाही एकाच वेळी आपापल्या गाड्या हव्या असतात, तेव्हा यातून फारसं काही मिळत नाही.

आता दलाल आणि अ‍ॅप. ते वाईट नाहीत, पण तिथे तुम्ही अनोळखी माणसाचा माल अनोळखी माणसाच्या शब्दावर उचलता. त्यांना आदल्या दिवशीच कळवा, गाडी खाली झाल्यावर नाही. निरोपात गाडीचा प्रकार, बॉडीची लांबी, वजनाची क्षमता, कुठे आणि किती वाजता खाली होईल, कुठल्या दिशेला जायचं आहे आणि किती वाजेपर्यंत थांबेल, एवढं स्पष्ट असावं. "गाडी खाली आहे, माल असेल तर सांगा" या निरोपाला उरलासुरला मालच येतो. एक दिवस आधी कळवलं तर दलालाला तुमची गाडी एखाद्या चांगल्या मालाशी जोडता येते, आणि तुम्हालाही नाही म्हणायला वेळ राहतो.

माल घेण्याआधी पैसे कोण देणार, किती दिवसांनी, आणि भरताना किंवा उतरवताना गाडी अडकली तर किती तासांनंतर थांबण्याचे पैसे सुरू होतात हे विचारा. हातोहात फिरलेला माल ओळखायची सोपी खूण अशी की भरायची नेमकी जागा, मालाचं वजन आणि पॅकिंग विचारल्यावर समोरचा "विचारून सांगतो" म्हणतो. त्याच्या वर आणखी एक जण असतो आणि पैसे त्याच्याकडून यायचे असतात. मालाच्या कागदावर तिसऱ्याच वाहतूकदाराचं नाव दिसलं तर गाडी फाटकाबाहेर काढण्यापूर्वी उलगडा करून घ्या. एकदा माल निघाला की तुमच्याकडे फक्त फोन करत राहणं उरतं.

गाडीच्या प्रकारावरही बरंच ठरतं. बंद किंवा उघड्या साध्या बॉडीत पर्याय भरपूर. टँकरला मात्र वेगळा द्रव भरण्याआधी धुऊन घ्यावं लागतं. धुण्याचा खर्च, तिथवरचा वळसा आणि लागणारा वेळ हे सगळं वरच्या १८ मध्ये मिळवून बघा, पुष्कळदा रिकामं येणंच स्वस्त पडतं. साध्या गाडीतही उग्र वासाचं किंवा रासायनिक सामान परतीला आणलं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याने पॅकबंद खाद्यपदार्थ भरायला नकार दिला, तर परतीच्या कमाईसाठी जातानाचं १०० चं भाडं गेलं. तुमच्या मुख्य गिऱ्हाइकाला कोणता माल चालत नाही याची यादी चालकाजवळ असू द्या. परतीच्या मालाला तुमचा विमा आणि परवाना लागू आहे का, आणि चालकाच्या तासांत तो बसतो का, हेही एकदा तपासून घ्या.

शेवटी जातानाच्या भाड्याबद्दल. ते ठरवताना परत रिकामं यायचं आहे असंच धरा. जाणं आणि येणं मिळून एकच फेरा आहे, आणि तुमच्या गिऱ्हाइकामुळेच गाडी तिकडे जाते. कधीतरी परतीचा माल मिळतो म्हणून भाडं आधीच उतरवलंत, तर माल न मिळालेल्या प्रत्येक फेऱ्याचा तोटा तुमच्या खिशातून जातो. येणारा माल कारखान्याने स्वतः लेखी आणि ठरावीक वारी दिला तरच थोडी सूट द्या, आणि ती परतीच्या भाड्यात द्या. जातानाच्या भाड्यात दिलेली सूट परतीचा माल बंद झाला तरी तशीच राहते.

मला आकडे पाठवायचे असतील तर पुढच्या महिनाभर प्रत्येक फेऱ्याचे एवढेच टिपा: गाडी किती वाजता खाली झाली, परतीच्या मालासाठी किती तास थांबली, किती किलोमीटर वाकडी गेली, आणि पुन्हा घरच्या कारखान्यात भरायला कधी लागली. भाडं आणि डिझेल तुमच्याकडे असतंच. या चार नोंदींवरून तुमच्या तीन गाड्यांसाठी किमान दर आणि थांबायची वेळ नेमकी सांगता येईल.